एप्रिलची बिलं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत हिशेबाच्या टेबलावर बसून मी म्हातारा झालो. शेवटची काही वर्षं माझ्या हाताखाली जवळच्या कंग्राळी गावची एक मुलगी होती. बीकॉम झालेली, हात चलाख, तोंडही चलाख. मला अण्णा म्हणायची. तिची नोकरी का गेली, याबद्दल मालकांनी एक सांगितलं, गावाला तेच माहीत आहे, आणि ते खोटं आहे.

आमच्याकडं खरेदीची बिलं पीडीएफमध्ये येत. बेळगावचा स्क्रॅपवाला, कागलचा वाळूवाला, निपाणीचा पॅकिंगच्या खोक्यांचा माणूस. कुणी मेलवर पाठवी, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर, कुणी काळजीपोटी दोन्हीकडं. त्या सगळ्या फायली एका फोल्डरमध्ये टाकायच्या आणि त्यांची एकच एक्सेल शीट करायची. रकाने ऑडिटरनं ठरवून दिलेले: तारीख, बिल नंबर, पार्टीचा जीएसटी नंबर, नाव, कराआधीची रक्कम, मग सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी आणि शेवटी एकूण. कर्नाटकातल्या पार्टीचा कर पहिल्या दोन रकान्यांत वाटून पडायचा, महाराष्ट्रातल्या कागलवाल्याचा एकट्या आयजीएसटीत. पार्ट्यांचे पैसेही याच शीटवरून सुटत.

ती मुलगी शेवटी स्वतःचा एक रकाना जोडायची, फाइलच्या नावाचा. कुठली ओळ कुठल्या पीडीएफमधून आली ते त्यावरून कळे. ऑडिटरकडं पाठवताना मी तो काढून टाकायला लावी.

"ठरलेलं सोडून काय बी वाढवू नकोस," मी म्हणायचो.

"ऑडिटरला पाठवताना काढा की अण्णा. आपल्याकडं राहू दे. उद्या बिल हरवलं तर काय देव सांगणार हाय व्हय कुठं गेलं ते?"

मग मालकांनी एक सॉफ्टवेअर आणलं. फोल्डर दाखवला की ते सगळी पीडीएफ वाचून आपोआप रकाने भरी. फोटो काढून केलेली पीडीएफ त्याला वाचता येत नसत, तेवढ्या ओळी रिकाम्या येत आणि हातानं भराव्या लागत. एप्रिलची बिलं करायच्या वेळी ती गावच्या जत्रेला सुट्टीवर होती. मालक म्हणाले, थांबूया तिच्यासाठी. मला ते लागलं. तिच्यावाचून माझं अडतं, असं कुणी म्हणू नये म्हणून मीच बसलो.

रिकाम्या ओळी हातानं भरल्या. फाइलच्या नावाचा रकाना ठेवलाच नाही. पण दोन्हीकडून आलेली बिलं दोनदा पडली होती, ती काढायची होती. एक्सेलमध्ये त्याला बटण आहे. कुठले रकाने सारखे असले तर ओळ काढायची, ते त्यात विचारतात. मी फक्त बिल नंबरवर खूण केली. जीएसटी नंबर आणि बिल नंबर दोन्ही मिळून बघायला हवं होतं. ती नेहमी तसंच करायची, मी शेजारी बसून कितीदा पाहिलं होतं. आणि महिना होता एप्रिल. नवं वर्ष लागलं की छोटे लोक बिलबुकाचा नंबर परत एकपासून सुरू करतात. एक्सेलला एक म्हणजे एक, पार्टी कुठलीही असो. पहिली ओळ ठेवून त्यानं बाकीच्या उडवल्या. किती ओळी काढल्या तेही पडद्यावर लिहून आलं. मी ओके दाबलं. एकूण पीडीएफ किती, उरलेल्या ओळी किती, हे मोजलं नाही.

काही दिवसांनी निपाणीच्या खोकेवाल्याचा फोन आला. "अण्णा, आमच्यावर लई राग दिसतोय. बाकीच्यांचं पैसं आलं म्हणं."

मेल उघडून बघितलं तर त्याचं बिल होतं. नंबर एक. शीटमध्ये नंबर एकला स्क्रॅपवाला बसला होता. काय झालंय ते मला तिथंच कळलं. त्याची ओळ मी गुपचूप घातली. बाकीची उद्या शोधू म्हणून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला आत बोलावलं. सुट्टीवरून परतलेली मुलगी टेबलासमोर उभी होती. तिच्या मामाचं कंग्राळीत छोटं वर्कशॉप, आमच्या कास्टिंगचं मशिनिंग तो करून द्यायचा. त्याचंही बिल गायब होतं. त्यानं ते तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं, तिनं सुट्टीआधी फोल्डरमध्ये टाकलं होतं. मामानं पैसे विचारल्यावर तिनं फाइल शोधून ओळ हातानं शेवटी घातली. मालकांना ती ओळ दिसली.

"मामाचं बिल हाय न्हवं? आणि तूच घातलंस?"

"व्हय. फोल्डरमध्ये हाय की फाइल. गेटचं रजिस्टर बघा, माल आलाय."

"माल आला असंल. त्याचं बिल मार्चातच घेतलं असणार. एका कामाचं दोनदा." मग ते माझ्याकडं वळले. "अण्णा, तुम्ही केलेल्या शीटमध्ये ही ओळ होती?"

ती माझ्याकडं बघत होती. घाबरलेली नव्हती. अण्णा सांगतील, असाच तिचा चेहरा होता.

"नव्हती," मी म्हणालो.

शब्द खरा होता. पुढं एक वाक्य बोलायचं होतं, ते मी बोललो नाही. पन्नाशी उलटून गेलेल्या माणसाला एक बटण नीट दाबता आलं नाही, हे मालकांसमोर सांगायची मला लाज वाटली. तेवढ्यासाठी.

ती त्याच दिवशी गेली. डबा, स्वेटर आणि खुर्चीवरची उशी घेऊन. 

जुलैत जीएसटीच्या पोर्टलवर पार्ट्यांनी भरलेल्या बिलांची यादी आली. मामा दर तीन महिन्यांनी रिटर्न भरायचा, म्हणून त्याचं एप्रिलचं बिल तेव्हा दिसलं. नंबर तोच, रक्कम पैशापर्यंत तीच. मार्चमध्ये त्या कामाचं काहीच नव्हतं, तेही मी पडताळलं. शीटमध्ये ते 'उशिरा आलेलं बिल' म्हणून घातलं. मालकांनी सही केली, मामाला पैसे मिळाले. तिचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही.

बेळगावात हिशेबाची माणसं ठेवताना मालक एकमेकांना फोन करतात. तिला कुठल्याच कारखान्यात घेतलं नाही. खासबागेतल्या एका कापडाच्या दुकानानं घेऊन महिन्याभरात काढलं, हे मला आमच्या गल्लीतच कळलं.

निवृत्त झाल्यावर मी मालकांना सगळं सांगितलं. ते चहा ढवळत होते. "आता काय करायचं त्याचं? मामाचे पैसे दिले न्हवं आपण?" म्हणाले. तिची चूक नव्हती असं चार ठिकाणी फोन करून सांगा म्हटलं, तर उठून शॉपफ्लोअरवर गेले.

म्हणून मी स्वतःच एक पत्र लिहिलं, सही केली आणि मागच्या महिन्यात कंग्राळीला गेलो. ती मामाच्या वर्कशॉपबाहेर मशिनिंग झालेले जॉब मोजून क्रेटमध्ये भरत होती. हात ऑइलनं काळे. मला बघून तिनं खुर्ची दिली नाही. पत्र उभ्यानंच वाचलं, कोपरे बोटांच्या टोकांनी धरून.

"कुणाला दाखवू हे?"

तिनं एक ओळ परत वाचली.

"आणि हे काय लिवलंय? 'सॉफ्टवेअरच्या चुकीमुळं बिल वगळलं गेलं.'"

"तसंच झालं न्हवं..."

"सॉफ्टवेअरनं सगळी बिलं आणली हुती, अण्णा. काढली तुम्ही."

तिनं पत्र माझ्यासमोर क्रेटवर ठेवलं. मी खिशातलं पेन काढलं, ते वाक्य खोडलं आणि वर लिहिलं: 'मी काढलं. मला कळलं होतं, तरी मी गप्प बसलो.' खोडलं तिथं पुन्हा सही केली. तिनं ते वाचलं, घडी घालून आत नेलं आणि बाहेर येऊन जॉब मोजायला लागली. मी पेन खिशात ठेवलं. मग बस स्टॉपकडं चालू लागलो.