खुराड्याचा ओव्हरकोट

मास्तरांनी उभं आयुष्य लोकांची मापं घेतली. कुणाचं पोट किती सुटलं आणि कुणी कोटात आतून किती कापड सोडून घेतलं हे त्यांना तोंडपाठ, पण याबाबतीत त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. शिंपी बोलायला लागला तर अर्ध्या गल्लीला घरं बदलावी लागतील. बोलायचं काम गल्लीने आपल्याकडे घेतलं आणि गल्ली बोलली ती मास्तरांबद्दलच. कारण रोज सकाळी हा साठी उलटलेला विधुर मुठीत एक अंडं घेऊन शेजारच्या दाराशी जायचा.

शेजारी राहायच्या फोटोवाल्या बाई. नवरा गेल्यावर स्टुडिओ त्यांनी एकट्याने चालवला आणि डोळे दुखायला लागल्यावर बंद केला. गल्लीतल्या निम्म्या लोकांचे लग्नाचे फोटो त्यांनीच काढलेले, त्यामुळे कोण फोटोत रडत होतं आणि का, हे त्यांनाही ठाऊक. दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत. एका बाजूला लोकांची मापं, दुसऱ्या बाजूला लोकांचे चेहरे, आणि दोघंही तोंड मिटून.

कोंबड्या मास्तरांच्या मुलीने आणून दिलेल्या. आई गेल्यावर बाबा सकाळी अंथरुणातच पडून राहायला लागले, तेव्हा तिने परसात खुराडं बांधलं आणि चार पिल्लं सोडली. "आता उठावंच लागेल," ती म्हणाली. "या काही तुमचं दुःख समजून घेणाऱ्या नाहीत."

तिचं खरं निघालं. पिल्लांच्या कोंबड्या झाल्या, दिवाळीच्या सुमाराला अंडी द्यायला लागल्या आणि सबंध हिवाळा देत राहिल्या. एकट्या माणसाला इतकी अंडी काय करायची? म्हणून एक दिवस मास्तर एक अंडं घेऊन शेजारी गेले. बाईंनी ते तळहातावर घेतलं. "अजून ऊन आहे की," म्हणाल्या, आणि बदल्यात भाज्यांच्या सालींनी भरलेलं भांडं कोंबड्यांसाठी हातात दिलं. दुसऱ्या दिवशी मास्तर भांडं परत द्यायला गेले. रिकामं भांडं कसं द्यायचं, म्हणून त्यात अंडं ठेवलं. बाईंनी पुन्हा साली भरून दिल्या. अशी ती देवघेव चालू झाली ती वर्ष झालं तरी थांबेना. दारात उभ्या उभ्या चार वाक्यं व्हायची, त्यातली दोन हवेबद्दल. मास्तरांनी उंबरा कधी ओलांडला नाही. पण त्या चार वाक्यांसाठी ते रोज दाढी करायचे, हे गल्लीच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

मग पुढची दिवाळी आली आणि घोटाळा झाला. तीन अंडी, मग दोन, मग एक. मग एक दिवसाआड एक.

मास्तरांना आधी मांजराचा संशय आला, मग मुंगसाचा. कोंबड्या लपवून घालत असतील म्हणून त्यांनी गुडघ्यांवर रांगत सगळं परस पालथं घातलं. हाती लागलं काय, तर हरवलेलं शिवणाचं अंगुस्तान. एका सकाळी खुराड्यात एकही अंडं नाही आणि बाई भिंतीपलीकडे झाडत असलेल्या. मास्तर मागच्या दाराने सटकले, कोपऱ्यावरच्या दुकानातून एक अंडं आणलं. ते बर्फासारखं गार. तेव्हा या सभ्य माणसाने ते काखेत धरलं आणि घरात येरझारा घातल्या. पुरेसं ऊन झाल्यावर भांड्यात ठेवून नेलं.

बाईंनी अंडं उचललं, उजेडाकडे धरलं, फिरवलं.

"मास्तर, तुमची कोंबडी शिकलीसवरलेली दिसते."

"का हो, बाई?"

"अंड्यावर तारीख छापते."

दुकानातल्या अंड्यांवर शिक्का असतो हे मास्तरांच्या ध्यानातच नव्हतं. ते कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. बाई हसत होत्या, पण कुचेष्टेने नव्हे. ते मात्र मास्तरांना दिसलं नाही, कारण ते आपल्या चपलांकडे बघत होते. त्या दिवसापासून त्यांनी शेजारी जाणं बंद केलं. कुठल्या तोंडाने जाणार? आणि मुळात, काय घेऊन जाणार?

घरात बसून त्यांनी विचार केला. थंडी पडली तेव्हाच अंडी आटली, म्हणजे बिचाऱ्या गारठल्या असणार. गारठलेल्याला काय लागतं हे शिंप्याला सांगावं लागत नाही. त्यांनी जुन्या लोकरी कोटांचे तुकडे काढले, आत कापूस भरला आणि चार दिवस मशीन चालवून खुराड्याला ओव्हरकोट शिवला. गमतीने नाही म्हणत, खरोखरीचा. चारी बाजूंनी चपखल बसणारा, जाळीच्या खिडकीवर दुहेरी फ्लॅप, पुढे बटणं. काजं हाताने केलेली. माप इतकं नेमकं, की दिवसाही आत बोटभर उजेडाची फट राहिली नाही. वारा फार होता म्हणून मास्तर कोंबड्यांना दिवसातला बराच वेळ आतच ठेवायला लागले.

एक दिवसाआडचं अंडंही बंद झालं.

खाद्याचं पोतं घेऊन दाणेवाला आला तेव्हा तो ओव्हरकोटापुढे थबकला. गल्लीतला दुसरा कुणी असता तर बोलून मोकळा झाला असता. याने आधी बटण काढून आत डोकावून पाहिलं.

"मास्तर, या कोंबड्यांना काय सिनेमा दाखवताय? आत मिट्ट अंधार आहे."

"थंडी आहे ना. म्हणून तर अंडी देईनात."

"थंडीचं त्यांना काही नाही. अंगावर पिसांची रजई घेऊनच हिंडतात त्या. त्यांना उजेड कमी पडतोय. दिवस आखडला, बघितलंत ना? भरपूर अंडी द्यायला कोंबडीला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो. सध्या आकाशच अकरा तास देतंय, आणि त्यातलेही तुम्ही बटणं लावून कापून घेतलेत."

मास्तर पोत्यावर बसले. "तिला काय कळतं किती तास ते?"

"ती मोजत नाही, तिचं डोकं मोजतं. नुसत्या डोळ्यांनी नव्हे. उजेड कवटीतून आरपार मेंदूपर्यंत पोचतो, आंधळ्या कोंबडीलासुद्धा दिवस लांबला ते कळतं. दिवस मोठा असला की मेंदू आत निरोप धाडतो, चालू द्या. लहान झाला की निरोप थांबतो. पिल्लं काढायची तर पुढे ऊन आणि किडे हवेत, हिवाळ्यात काढून खाणार काय? तिच्या हिशेबाने ती बरोबर आहे."

"पण गेल्या हिवाळ्यात तर देत होत्या."

"तेव्हा नव्या होत्या. पहिल्या वर्षाच्या पोरी बऱ्याचदा रेटून नेतात. आता जुन्या झाल्या. ही बघा, ठिपकी, मान उघडी पडली. रोग नाही हा. पिसं गाळून नवी घेते आहे, खाल्लेलं सगळं तिकडे जातंय. आधी स्वतःचा कोट शिवेल, मग तुमचं अंडं."

ते शेवटचं मास्तरांना पटलं. गिऱ्हाइकांपायी स्वतःचा कोट त्यांनी मात्र कधी वेळेवर शिवला नव्हता.

"दिवा लावला तर?"

"लावा की, साधा पिवळा. पण लगेच अंडं मागू नका, तीन-चार आठवडे जातील. आणि रोज एकाच वेळी लावा. आज लावला, उद्या विसरलात, असं नको."

मास्तरांनी ओव्हरकोट उतरवला, मशीनवरचा दिवा काढून खुराड्यात टांगला. पहिल्या संध्याकाळी अंधार पडल्यावर बराच वेळ तो चालू ठेवला आणि मग पटकन विझवला. आत एकच गोंधळ. कोंबड्या खाली दाणे टिपत होत्या, त्यांना एकाएकी दिसेना, निजायच्या दांडीवर चढता येईना. मास्तरांनी एकेकीला उचलून बसवलं, वर माफी मागितली. दुसऱ्या दिवसापासून दिवा सकाळी, उजाडायच्या कितीतरी आधी. म्हणजे संध्याकाळ आपली आपण मावळेल आणि त्या आपल्या पायांनी दांडीवर जातील.

आता त्या वेळी उठायचं ते मास्तरांनाच. टोपी, मफलर, हातात चहाचा कप, असे ते खुराड्यापाशी स्टुलावर बसायचे. दाढी आता तिसऱ्या-चौथ्या दिवशी. पलीकडच्या खिडकीतला पडदा कधी कधी हलायचा, पण तिकडे त्यांची पाठ असायची.

महिना होत आला तेव्हा, जिने पिसं गाळली नव्हती त्या पांढरीने अंडं दिलं. मास्तरांनी दाढी केली, दोनदा. अंडं मुठीत धरून ते शेजारी गेले.

बाईंनी ते तळहातावर घेतलं. "ऊन आहे," त्या म्हणाल्या. मग अंड्याकडे न बघता मास्तरांकडे पाहिलं, फोटो काढण्याआधी बघायच्या तसं. "डोळ्यांखाली काय झालंय हे?"

"पहाटे उठतो जरा. दिवा लावायला."

"बघते ना मी रोज. कुडकुडत बसता. आणि हे सगळं या एका अंड्यासाठी?"

"दिवस मोठा होईपर्यंत दिव्याशिवाय येत नाहीत हो."

"मग न येऊ देत. तीस वर्षं मी लोकांच्या तोंडावर दिवे मारले, मास्तर. दिवा लावला की माणूस हसतो, पण ते हसू दिव्याचं असतं. त्यांना निजायचं असेल तर निजू द्या. तुम्हीही निजा."

 मास्तर चपलांकडे बघत म्हणाले, "पण मग अंडं नसणार."

"हं."

"तर मग यायचं कशाला, असं होईल."

 "ते तुम्ही ठरवा. मला अंड्याचं इतकं काही नाही," एवढंच बाई म्हणाल्या, आणि दार लोटलं.

त्या एका वाक्यावर मास्तर दिवसभर बसून होते. अंड्याचं काही नाही म्हणजे येऊ नका, की अंडं नसलं तरी या? कापड उलटं की सुलटं हे बोटांनी ओळखणाऱ्या माणसाला वाक्याची बाजू कळेना. दाणेवाल्याला विचारायची सोय नव्हती. त्याला त्यांनी विचारलं ते फक्त दिव्याचं.

"बंद करा, पण एकदम नको," तो म्हणाला. "भर हिवाळ्यात उजेड एकाएकी तुटला तर पांढरीही पिसं टाकेल आणि उघडी पडेल. रोज थोडा थोडा उशिरा लावा."

तसा मास्तरांनी उजेड उतरवत नेला. दिवा उशिरा लागायला लागला, अंडी विरळ झाली. जे येई ते मास्तर शेजारी नेत, दोन वाक्यं हवेबद्दल बोलत आणि पुढचं न बोलता परत येत. आपल्याच हाताने आपली वाट बंद करत चाललोय, हे त्यांना कळत होतं. तरीही रोज तो दिवा ते उशिरा लावत राहिले, कारण कोंबड्या दांडीवर पिसं फुगवून निवांत बसलेल्या दिसत, आणि ते पाहून त्यांनाही बरी झोप लागायला लागली होती.

मग एक दिवस दिवा लागलाच नाही. खुराड्यात अंडं सापडलं नाही, दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही. चौथ्या सकाळी मास्तर चांगले उजाडल्यावर उठले, दाढी केली, खुराड्यात डोकावले. ठिपकीच्या मानेवर नवी पिसं भरली होती. अंडं नव्हतं. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले, बाहेर काढले, परत घातले आणि शेजारी जाऊन दार वाजवलं.

बाईंनी दार उघडलं. त्यांनी आधी मास्तरांच्या हातांकडे पाहिलं.

"काही नाही आणलेलं," मास्तर म्हणाले. "नुसताच आलोय."

समोरच्या घरातली बाई तेव्हा गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिच्या म्हणण्याप्रमाणे ती एकच चादर तिने तीनदा झटकली.

"मास्तर," फोटोवाल्या बाई म्हणाल्या, "गार वारा आत येतोय. आत यायचं की बाहेर थांबायचं ते ठरवा, पण दार लावून घ्या."

 मास्तरांनी चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या आणि दार लावून घेतलं, आतून.