सात रिकामी बटणं

मी डूख धरते, हे आमच्या अंजूरच्या घरात मी पाचवीत असल्यापासून सगळ्यांना माहीत होतं. ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. तिथे मी कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, वेळेवर येणारी, खाली मान घालून काम करणारी मुलगी होते.

ऑफिस भिवंडीत एका गोडाऊनच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली कापडाचे तागे उतरायचे, वर आम्ही सहाजण, बहुतेक पोरीच, वेबसाइटी बनवायचो. मालक जवळच्या शेलार गावचा. त्याला कोडमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण गिऱ्हाईक ओढायची हातोटी होती. दोन हजार सहा-सातच्या सुमारास त्याने विलायतेतल्या एका पडद्यांच्या दुकानाचं काम आणलं. दुकानाची अट एकच होती. ज्याला दिसत नाही त्यालाही साइटवरून पडदा मागवता आला पाहिजे.

त्यासाठी प्रत्येक चित्राला ऑल्ट लिहावा लागतो. कोडमध्ये चित्राला जोडलेली ती एक ओळ असते. स्क्रीनवर दिसत नाही, पण आंधळ्या माणसाच्या कॉम्प्युटरमधलं बोलणारं सॉफ्टवेअर ती वाचून दाखवतं. लिहायचं काम माझ्याकडे आलं. ते तपासायला मालकाने गणेशपुरीकडचा एक माणूस ठेवला. चाळिशीचा, जन्मापासून आंधळा, अंधशाळेत इंग्रजी शिकलेला. आधी एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होता, कारखाना बंद पडल्यावर दोन वर्षं घरी बसून होता. मालकाने त्याला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. काम जमलं तर कायम, नाही तर घरी.

आम्ही त्याला दादा म्हणायचो. दादाची जीभ तिखट होती. पहिल्या आठवड्यात मी साठ फोटोंना ‘सुंदर पडदा’ असाच ऑल्ट लिहून टाकला होता. त्याने सगळ्यांसमोर मशीनचा सपाट आवाज काढून ते साठही वाचले. शेवटी म्हणाला, “कुणाला सुंदर, बाय? मला न्हाय दिसत.” पोरी हसून हसून टेबलावर पडल्या. त्या दिवसापासून ऑफिसात माझं नाव सुंदर पडदा पडलं. चहा आला की, सुंदर पडद्याला कमी साखर. मी हसायचे. आतून जळत होते.

पण शिकवायचा मात्र मनापासून. म्हणायचा, फोनवर कुणाला तरी हे पान वाचून दाखवतेस असं धर. जे सांगशील ते लिही, जे सांगणार नाहीस ते सोड. पडदा निळा आहे हे बाजूला लिहिलेलंच असेल तर पुन्हा नको. वर कड्या आहेत की दांडा सरकवायची पट्टी, उजेड आरपार येतो की नाही, हे फक्त फोटोत दिसतं, म्हणून ते लिही. नक्षीची रेघ, जागा भरायला टाकलेलं चित्र, यांचा ऑल्ट रिकामा. रिकामा म्हणजे ऑल्ट गाळायचा नाही. गाळला तर सॉफ्टवेअर फाइलचं नाव वाचत बसतं. ऑल्ट द्यायचा आणि अवतरणचिन्हांत काही लिहायचं नाही, मग ते गप्प पुढे जातं. मी सुरुवातीला रेघेलाही ‘रेघ’ लिहायचे. तो वैतागायचा. मी पडदा घ्यायला आलोय, तू मला भिंतीच्या विटा मोजायला लावतेस, म्हणायचा.

एकच गोष्ट त्याने दोनदा बजावली होती. चित्र हेच बटण असेल, दुसरे शब्द नसतील, तर ऑल्ट कधीच रिकामा ठेवायचा नाही. दाबल्यावर काय होणार ते लिहायचं. नाही तर सॉफ्टवेअर नाइलाजाने लिंकचा पत्ता वाचतं, आणि ऐकणारा जागच्या जागी अडकतो.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी दुकानाच्या वतीने मुंबईतली एक बाई काम बघायला येणार होती. दादाने तिच्यासमोर एक पडदा मागवून दाखवायचा होता. आदल्या संध्याकाळी त्याने सगळं पान ऐकलं आणि त्यावर चित्रांची सात बटणं होती त्या सातही बटणांचे ऑल्ट स्वतः सांगून माझ्याकडून लिहून घेतले. जाताना मालकाला म्हणाला, पान तयार हाय. मग माझ्याकडे वळून, “सुंदर पडदा सुधारली एकदाची.” पोरी हसल्या.

सकाळी मी सर्वांच्या आधी आले आणि सातही बटणांचे ऑल्ट रिकामे केले. पाच मिनिटं लागली नाहीत.

बाई आली. मालकाने स्पीकर लावला. दादा पांढरा शर्ट घालून आला होता, इस्त्रीचा. पडदा त्याने झटक्यात शोधला. कड्या आहेत, उजेड येत नाही, सगळं नीट वाचलं गेलं. मग तो बटणाकडे आला आणि मशीन बोललं, लिंक, पी झिरो फोर. पुढची लिंक, पी झिरो फाइव्ह. तो मागे गेला, पुढे आला. अंदाजाने एक दाबलं तर भलतंच पान उघडलं. त्याची बोटं कीबोर्डवर भरभर फिरायला लागली. मालक म्हणाला, अरे, समोरच तर आहे बटण, केवढं मोठं लाल. दादाच्या कानामागून घाम उतरत होता. मी तो बघत होते आणि मला बरं वाटत होतं.

त्याने हात थांबवले. “कालपासून पानाला कुणी हात लावला का?”

मालकाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “नाही.”

मग मालकाने तपासणीचं दुसरं सॉफ्टवेअर चालवलं. ते फक्त ऑल्ट दिलाय की नाही एवढंच बघायचं. रिकामा ठेवलेलाही त्याच्या लेखी दिलेलाच. हिरव्या खुणांची रांग लागली, चूक शून्य. मालकाचा जीव भांड्यात पडला. तो बाईला इंग्रजीत म्हणाला की पान बरोबर आहे, आमचा माणूसच कच्चा आहे. बाई म्हणाली, दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या.

दुपारच्या आत दादाला घरी जायला सांगितलं. स्टँडपर्यंत सोडायला मलाच पाठवलं. त्याने माझं कोपर धरलं होतं. त्याच्या हाताला घाम होता आणि मला किळस आली, तीही सांगते. एसटीची वाट बघत तो बाकावर बसला. मग म्हणाला, “चुकून झालं असतं तर एखादं तरी बटण बोललं असतं, बाय. सातच्या सात गप्प होती.”

मी विचारलं, मग तिथे का नाही बोललात.

“बोलून काय करू? त्यांना हिरवं दिसत व्हतं.” एसटीचा आवाज ओळखून तो उभा राहिला. “धडा चांगला पाठ केलास. मीच शिकवला.”

पायरीवर त्याचा पाय अडखळला. मी हात पुढे केला नाही.

ऑफिसात येऊन मी सातही ऑल्ट परत भरले. आदल्या संध्याकाळी त्याने सांगितलेले शब्द मला पाठ होते, एकही बदलला नाही. दुकानाने पुढच्या आठवड्यात तिकडच्या एका आंधळ्या गिऱ्हाइकाला पान तपासायला बसवलं, आणि त्याने एका दमात पडदा मागवला. मेल आली. मालकाने ती सगळ्यांना उभं करून वाचली. बटणांवरचे शब्द फार नेमके आहेत, लिहिणाऱ्याला आमचे आभार कळवा, असं त्यात होतं. मालकाने माझ्याकडे बोट दाखवलं. पोरींनी टाळ्या वाजवल्या. सुंदर पडदा म्हणायचं त्या एव्हाना विसरल्या होत्या.

मी थँक्यू म्हटलं.